चौथी जखम: भटका कुत्रा चावलेल्या मुलीचे प्रकरण

मुलगी चार वर्षांची, वजन 15 किलो. आदल्या संध्याकाळी घराबाहेर खेळत असताना एक भटका कुत्रा तिच्या अंगावर आला आणि उजव्या गालाला व उजव्या हाताला चावून निघून गेला. कुत्रा कुणाच्या ओळखीचा नव्हता. त्याला कुणी मारले किंवा डिवचलेही नव्हते. घरच्यांनी ओल्या फडक्याने रक्त पुसले, रक्त थांबावे म्हणून जखमांवर घरात सापडलेली पूड दाबली आणि तिला जवळच्या दवाखान्यात नेले. तिथे धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, रेबीजच्या लसीचा पहिला डोस दंडात दिला गेला, जखमांवर पट्टी बांधली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितले. रात्रीतून गाल सुजला, म्हणून आई आणि आजी सकाळी तिला श्वानदंश उपचार केंद्रात घेऊन आल्या. सोबत दहा वर्षांचा भाऊही होता. कुत्र्याला हुसकावताना त्याच्या पोटरीवर नखे लागली होती.

हे प्रकरण एकाच मुलीचे नाही. अशा केंद्रांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मी ते मांडले आहे. मुलीला लस मिळाली होती, तीही वेळेवर आणि योग्य जागी. घरच्यांच्या मते उपचार सुरू झाले होते. ते सुरू झालेही होते, पण अर्धेच.

लस दिली, मग आणखी काय?

आईने पहिलाच प्रश्न विचारला, "डॉक्टर, इंजेक्शन तर कालच झालं. मग आता परत का टोचायचं?"

याचे उत्तर विषाणूच्या चालीत आहे. रेबीजचा विषाणू जनावराच्या लाळेतून जखमेत उतरतो. रक्तातून तो पसरत नाही. काही काळ तो जखमेच्या जागीच, बहुधा स्नायूत, राहतो. मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि त्या तंतूच्या आतून मेंदूकडे सरकत जातो. हा प्रवास संथ असतो. चावा आणि लक्षणे यांच्यात सहसा दोन-तीन महिने जातात, पण ही मुदत आठवड्याइतकी कमी किंवा वर्षाइतकी लांबही असू शकते. चेहरा, डोके आणि मान मेंदूच्या जवळ. बोटांत मज्जातंतूंची दाटी. त्यामुळे या जागी चावा बसला तर विषाणूला वाट छोटी आणि सोपी मिळते. या मुलीला नेमके गालाला आणि बोटाला चावले होते.

लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, पण ती पुरेशी तयार व्हायला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. तोवर जखमेतल्या विषाणूला अडवणारे काहीच नसते. आणि विषाणू एकदा मज्जातंतूच्या आत शिरला की प्रतिपिंडांचा त्याच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. म्हणून या मधल्या काळासाठी तयार प्रतिपिंडे थेट जखमेत भरावी लागतात. यालाच रेबीज इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, बोलण्यात बहुतेक जण नुसते 'सिरम' म्हणतात. लसीचे पाचही डोस अगदी तारखेला घेऊनही गंभीर चाव्यानंतर रेबीज झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. त्यांतल्या अनेकांत एक तर सिरम दिलेच गेले नव्हते, किंवा दिले तरी एखादी जखम तशीच राहून गेली होती.

कुणाला सिरम लागते हे चाव्याच्या वर्गावरून ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने तीन वर्ग केले आहेत. जनावराला हात लावला, खाऊ घातले, किंवा त्याने धड कातडीवर चाटले तर तो पहिला वर्ग. यात धुण्यापलीकडे काही लागत नाही. दात किंवा नख लागून वरवर खरचटले पण रक्त आले नाही, तर तो दुसरा वर्ग. इथे जखम धुवायची आणि लस घ्यायची. कातडी फुटून रक्त आले, मग तो चावा असो वा ओरखडा, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यांत, तोंडात लाळ गेली, तर तो तिसरा वर्ग. इथे धुणे, लस आणि सिरम तिन्ही लागतात. जखम केवढी आहे यावर हे ठरत नाही. सुईच्या टोकाएवढा, पण रक्त आलेला दाताचा खळगा तिसऱ्याच वर्गात मोडतो. बहुतेक गफलत इथेच होते, कारण माणसे 'किती मोठे लागले' हे पाहतात आणि 'कातडी फुटली का' हे पाहायचे राहून जाते.

जखमा मोजणे

आधी पट्ट्या काढल्या. कागदावर तीन जखमा लिहिलेल्या होत्या: गालावर एक फाटलेली, तर्जनीवर एक आणि मनगटावर एक खळगा. मुलीचे कपडे उतरवून तिला पायापासून वर तपासत आणले. केसांत बोटे फिरवून पाहताना उजव्या कानामागे केस एकमेकांना चिकटलेले लागले. ओल्या कापसाने पुसले तर खाली सुकलेले रक्त आणि दीडेक सेंटिमीटर लांबीचा ओरखडा निघाला. ही चौथी जखम. आदल्या दिवशी ती कुणालाच दिसली नव्हती, कारण सगळ्यांचे लक्ष रक्ताळलेल्या गालाकडे होते, आणि गाल दुखत असताना मूल कानामागचे काही सांगत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हा शोध अतिशय मन लावून घ्यावा लागतो. मूल उंचीने कुत्र्याच्या तोंडाजवळ असते, त्यामुळे चेहरा, डोके आणि मानेला चावे जास्त बसतात. केसांत, कानामागे, बोटांच्या बेचक्यात, पाठीवर जखम लपते. मुले भीतीने काही बोलतही नाहीत. घरच्यांनीसुद्धा केंद्रात येण्याआधी हे पाहून ठेवले तर फार मदत होते. प्रत्येक जखम हा विषाणूसाठी वेगळा दरवाजा आहे आणि तीन दरवाजे बंद करून चौथा उघडा ठेवला तर आधीच्या तिघांचा काही उपयोग उरत नाही.

धुणे, तेही दुसऱ्या दिवशी

तपासणी झाल्यावर मुलीला नळाखाली नेले. जखमेवरची पूड निघून जाईपर्यंत आणि त्यानंतरही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटे. आजी म्हणाल्या, "काल पुसलं होतं की. आता धुऊन काय होणार?"

धुण्याने दोन गोष्टी होतात. पाण्याच्या धारेने लाळ आणि विषाणू वाहून जातात, आणि साबणाने विषाणू मरतो. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते. साबण ते फोडतो, आणि आवरण फुटलेला विषाणू निकामी होतो. नुसते ओले फडके फिरवल्याने यातले दुसरे काम होत नाही, पहिलेही धड होत नाही. म्हणून घरी करायचा खरा प्रथमोपचार हाच: चावल्या क्षणी नळाखाली धरा, कुठलाही साधा साबण लावा, घड्याळ लावून 15 मिनिटे धुवा, खळग्यांत पाणी शिरू द्या. साबण नसेल तर नुसते पाणी तेवढाच वेळ. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हाताशी असेल तर लावा. धुवायला उशीर झाला म्हणून धुणे सोडून द्यायचे नसते. विषाणू जखमेत किती वेळ राहील हे कुणाला ठाऊक नसते, तेव्हा दुसऱ्या दिवशीही ते करतात.

न करायच्या गोष्टींमागेही हेच कारण आहे. तिखट, चुना, तेल, झाडपाल्याचा रस, पूड यांनी विषाणू मरत नाही. उलट जखम चुरचुरते, ती चोळली जाते आणि विषाणू आणखी खोल जातो. जखम जाळणेही तसेच. घट्ट पट्टी बांधू नये. टाकेही शक्यतो घालू नयेत, कारण सुई आत-बाहेर फिरताना विषाणूला नव्या मज्जातंतूंपर्यंत पोचवते. या मुलीच्या गालावरची जखम उघडी होती, दवाखान्यात टाके घातले नव्हते, ही जमेची बाजू. चेहऱ्यावरची जखम टाक्यांशिवाय जुळणारच नसेल तर आधी सिरम भरतात, काही तास थांबतात आणि मग कमीत कमी सैल टाके घालतात.

गाल सुजला होता तो रेबीजने नव्हे. कुत्र्याच्या तोंडातल्या जंतूंमुळे जखम पिकू लागली होती. त्यासाठी प्रतिजैविक सुरू केले. हे दोन धोके वेगळे आहेत: जंतुसंसर्ग एक-दोन दिवसांत दिसतो, दुखतो आणि माणसाला दवाखान्यात आणतो. रेबीजचा विषाणू मात्र जखम बरी होऊन विसरली जाईपर्यंत काहीच दाखवत नाही.

सिरमचा हिशेब

सिरम वजनावर ठरते. घोड्यापासून केलेले असेल तर किलोमागे 40 युनिट, माणसापासून केलेले असेल तर 20. केंद्रात घोड्याचे होते, त्याच्या एका मिलिलिटरमध्ये 300 युनिट. पंधरा किलोला 600 युनिट, म्हणजे 2 मिलिलिटर. हिशेबापेक्षा जास्त देता येत नाही, कारण जादा सिरम लसीच्या कामात अडथळा आणते. पण चार जखमांना 2 मिलिलिटर पुरेना. अशा वेळी मात्रा वाढवत नाहीत, निर्जंतुक सलाइन मिसळून पातळ करतात. दोनाचे चार मिलिलिटर झाले. त्यातले सुमारे दीड गालाला, एक कानामागे, एक मनगटाला आणि जेमतेम अर्धा बोटाला. बोटाची कातडी ताणत नाही. तिथे जोर लावून जास्त भरले तर रक्तपुरवठा दाबला जातो, म्हणून थोडे आणि अगदी सावकाश.

बारीक सुईने जखमेच्या कडांतून आत, तळापर्यंत आणि चहूबाजूंनी सिरम भरत जातात. हे दुखते. मूल रडते, आईलाही पाहवत नाही, आणि डॉक्टरलाही त्या वेळी हात आवरता घ्यावासा वाटतो. पण सिरम दंडात किंवा मांडीत टोचून मोकळे होणे हा पर्याय नाही. तिथून ते रक्तात मिसळून विरळ होते आणि जखमेपर्यंत फार थोडे पोचते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये हे स्पष्ट केले की सगळा भर जखमेतच हवा आणि उरलेले सिरम दूरच्या स्नायूत टोचण्याने विशेष फायदा नाही. लस आणि सिरम एका सिरिंजमध्ये कधीच एकत्र करत नाहीत, आणि एकाच जागी टोचतही नाहीत.

घोड्याच्या सिरमने क्वचित तीव्र अॅलर्जी येऊ शकते. आधी कातडीवर चाचणी करून ती येईल की नाही हे ओळखता येत नाही, म्हणून चाचणीवर विसंबण्यापेक्षा अॅड्रेनालिन जवळ ठेवतात आणि नंतर रुग्णाला अर्धा-एक तास बसवून ठेवतात. ही मुलगी तासभर आईच्या मांडीवर झोपली आणि ठीक होती.

"हे काल दिलं नाही म्हणून काही बिघडलं का?" आईने विचारले. लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत सिरम देता येते. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर लसीची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागलेली असतात. मुलगी दुसऱ्याच दिवशी आली होती, मुदत हातात होती. पण मुदत आहे म्हणून वाट पाहायची नसते. प्रत्येक तास विषाणूच्या बाजूने जातो.

लसीचे पुढचे डोस 3, 7, 14 आणि 28 या दिवशी ठरले. दिवस चावल्यापासून मोजत नाहीत, पहिल्या डोसपासून मोजतात, आणि तो दिवस शून्य. स्नायूऐवजी कातडीत थोडी थोडी लस देण्याचीही मान्यताप्राप्त वेळापत्रके आहेत. केंद्रात जी पद्धत असेल ती चालते, फक्त ती पूर्ण करावी लागते. लस दंडात देतात, दोन वर्षांखालच्या मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही. तिथल्या चरबीत लस नीट काम करत नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजूनही काहींच्या मनात आहे. ती जुन्या, जनावरांच्या मेंदूच्या उतीपासून केलेल्या लसीची होती. आताच्या लसी वेगळ्या आहेत, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला, अगदी तान्ह्या बाळालाही, त्या देतात.

"कुत्रा तर बरा दिसत होता"

आजींचा मुद्दा होता की कुत्रा पिसाळलेला नव्हता. लाळ गळत नव्हती, शेपूट हलवत आला होता. ही समजूत जीव घेऊ शकते. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो. चावला त्या दिवशी कुत्रा धडधाकट दिसला म्हणजे त्या दिवसाची लाळ सुरक्षित होती, असे होत नाही.

दहा दिवसांचा नियम याच गोष्टीवर उभा आहे. चावताना लाळेत विषाणू असेल तर कुत्रा किंवा मांजर पुढच्या दहा दिवसांत आजारी पडते किंवा मरते. दहाव्या दिवशी जनावर ठणठणीत असेल तर त्या चाव्यातून रेबीज होणार नाही, आणि उरलेले डोस डॉक्टर थांबवू शकतात. मात्र हा नियम उपचार थांबवण्यासाठी आहे, सुरू करायला थांबण्यासाठी नव्हे. आधी दहा दिवस कुत्रा पाहू आणि मग इंजेक्शन घेऊ, असे केले तर विषाणूला ते दहा दिवस मोकळे मिळतात. शिवाय पाहायला तोच कुत्रा रोज समोर हवा. इथे तो सापडलाच नाही, म्हणून मुलीचे सगळे डोस पूर्ण करायचे ठरले.

मांजराने चावले असते तरी उपचारांत फरक नसता. मांजराच्या बाबतीत एक गोष्ट जास्त फसवी असते. तिचे दात बारीक आणि लांब, त्यामुळे वर कातडीवर ठिपका दिसतो आणि जखम आत खोल असते. ती पंजे चाटते, म्हणून नखांनाही लाळ असते. 'नुसते नख लागले' म्हणून ओरखडा सोडून देऊ नये.

माकडाचे मात्र दोन बाबतींत वेगळे आहे. दहा दिवसांचा नियम फक्त कुत्रा आणि मांजराला लागू होतो. माकड दहा दिवस बरे दिसले, यावरून काहीच ठरवता येत नाही. माकडाच्या चाव्याला आणि ओरखड्याला वर्गानुसार लस-सिरम घ्यावे, आणि लस पूर्ण करावी. दुसरे म्हणजे, मॅकाक गटातल्या माकडांच्या लाळेत बी विषाणू असू शकतो. माणसाला त्याची लागण फार क्वचित होते, पण झाली तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. रेबीजच्या लसीचा त्यावर काही परिणाम नाही. त्यासाठी विषाणूविरोधी औषध असते, आणि ते द्यायचे की नाही हे डॉक्टर माकडाची जात, चाव्याची जागा आणि खोली पाहून ठरवतात. म्हणून केंद्रात 'माकड चावले' एवढेच न सांगता ते कसे होते हेही सांगावे: लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे, की काळ्या तोंडाचे लांब शेपटीचे वानर. वानर मॅकाक गटात येत नाही. चाव्यानंतरच्या महिनाभरात जखमेजवळ फोड, बधिरपणा, ताप किंवा सतत डोकेदुखी झाली तर लगेच परत यावे.

भावाचे काय झाले

भावाच्या पोटरीवर पांढरट ओरखडा होता, रक्त नाही. म्हणजे दुसरा वर्ग. आईला मध्येच आठवले की दोन वर्षांपूर्वी यालाही मांजर चावले होते आणि सगळी इंजेक्शने झाली होती. घरून कार्ड आणले. त्यावर सगळ्या डोसांच्या तारखा होत्या. ज्याचा पूर्ण क्रम आधी झाला आहे, त्याच्या शरीराला विषाणूची ओळख असते. दोनच डोसांत, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात. अशा माणसाला सिरम लागत नाही, चावा तिसऱ्या वर्गाचा असला तरीही. भावाची पोटरी धुतली, त्याला तेवढे दोन डोस दिले आणि काम झाले. कार्ड मिळाले नसते तर त्याला पहिल्यांदाच चावल्यासारखे धरून पूर्ण क्रम द्यावा लागला असता.

आईच्या हातालाही मुलीचे रक्त आणि कुत्र्याची लाळ लागली होती. हातावर कुठे चीर किंवा जखम आहे का ते उजेडात नीट पाहिले. कातडी धड होती. साबणाने हात धुणे पुरेसे होते, लसीची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी मुलगी परत आली तेव्हा गालाची सूज उतरली होती. सातव्या दिवशी कानामागची खपली धरली होती. चौदाव्या दिवशीचा डोस चुकला, घरात लग्न होते आणि मुलगी दोन दिवस उशिरा आली. एखादा डोस थोडा लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करत नाहीत, राहिलेला डोस लगेच देतात आणि पुढे चालू ठेवतात. इथे मी आईला पुन्हा सांगितले की जखमा भरल्या म्हणून शेवटचा डोस सोडू नका. जखम भरणे आणि विषाणू संपणे यांचा काही संबंध नाही. आजार होतो तेव्हा त्याचे पहिले लक्षण अनेकदा याच भरलेल्या जखमेत येते, तिथे मुंग्या येतात, खाज सुटते. मग पाणी गिळताना घशाला पेटके, वाऱ्याच्या झुळकीनेही दचकणे, किंवा काहींना नुसताच हातापायांतून चढत जाणारा लकवा. तिथून जवळजवळ कुणीच परतत नाही, आणि त्या टप्प्यावर लस किंवा सिरम काहीच करू शकत नाही. लक्षणे येण्याआधी मात्र उशीर झाला म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. चाव्याला महिना झाला असला आणि उपचार घेतलेले नसले, तरी आजच चावल्याप्रमाणे सुरुवात करतात.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचा डोस झाला. मुलीच्या कार्डावर पाचही तारखा, लसीचे नाव, सिरमची मात्रा आणि चारही जखमांच्या जागा लिहून दिल्या. भावाच्या कार्डावरही नवे दोन डोस चढवले. पुढे कधी पुन्हा चावा बसला तर दोघांनाही दोनच डोस लागतील, पण धुणे तेच राहील: साबण, वाहते पाणी, 15 मिनिटे.